थंडरबर्ड: मेल उजवीकडे उघडली की यादीतले रकाने गुदमरतात

जमाखर्च
नमस्कार मंडळी. सांगलीत एका करसल्लागाराच्या ऑफिसात काम करतो. आम्ही तिघे मिळून एकच मेलबॉक्स बघतो. ऑफिसचे दोन जुने पत्तेही त्यातच येऊन पडतात, म्हणजे तीन पत्त्यांची डाक एका डब्यात. मागच्या आठवड्यात माझा डबा (संगणकाचा) बदलला. जुन्यावर थंडरबर्ड १०२ होतं, नव्यावर १४० घातलं.

आता अडचण. पूर्वी वर यादी असायची, खाली मेल. यादीत विषय, पाठवणारा, कोणत्या पत्त्यावर आली, पिन, तारीख हे सगळं एका ओळीत दिसायचं. आता तीन उभ्या पट्ट्या आहेत: डावीकडे फोल्डर, मध्ये खेळायच्या पत्त्यांसारखे चौकोन, उजवीकडे मेल. चौकोनात कोणत्या पत्त्यावर आली हे दिसतच नाही. आमच्याकडे तेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण एका पत्त्यावरची मेल मी बघतो, दुसऱ्यावरची आमची सहकारी.

चौकोन काढून साधी यादी कशी आणायची ते सापडलं, पण तेव्हा विषयाच्या रकान्यात "GSTR…" एवढंच दिसायला लागलं. उजवीकडची मेल बारीक केली तर ती आडवी सरकवावी लागते. लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा आहे. काय ठेवू, काय काढू?

कोकणकडा
अहो, हे सगळं त्या दाटीमुळे होतंय. मेन्यू पट्टी दिसत नसेल तर Alt दाबा, मग `View > Density` मध्ये जाऊन `Compact` करा. सगळं बारीक होतं, जागाच जागा. मी तर आल्या आल्या तेच करतो.

आणि एक सल्ला, प्रिव्ह्यू बंदच ठेवावा. मेल नुसती दिसली तरी व्हायरस येतो.

पाटावरची_शाई
कोकणकडा, दाटीने ओळींची उंची कमी होते. रकान्यांची रुंदी तशीच राहते. धागाकर्त्यांची तक्रार रुंदीची आहे. `Compact` केलं तर त्यांना "GSTR…" वीस ओळींऐवजी सव्वीस ओळींत दिसेल, एवढाच फरक.

जमाखर्च, आधी जागेचा हिशेब मांडू, तुमचंच काम आहे ते. १३६६ मधून अगदी डावीकडची चिन्हांची पट्टी आणि फोल्डरची पट्टी मिळून अडीचशेच्या आसपास जातात. उरले अकराशेच्या थोडे वर. तेवढ्यात यादी आणि मेल शेजारी शेजारी बसवायची आहे. बँका, पोर्टलं, जाहिरातवाले जी सजवलेली मेल पाठवतात ती साधारण ६०० पिक्सेल रुंदीला धरून बनवलेली असते. म्हणून उजवा भाग सहाशेच्या खाली गेला की खाली आडवी सरकपट्टी येते. तुम्हाला तीच दिसते आहे. मेलला सव्वासहाशे दिले तर यादीला राहिले पाचशे. आता त्यात पाठवणारा १३०, पत्ता १२०, तारीख ११०, तारा आणि पिन मिळून ५०. झाले चारशे दहा. विषयाला नव्वद उरले. नव्वद पिक्सेलमध्ये "GSTR…" च दिसणार, दुसरं काय दिसेल?

थोडक्यात, मेल उजवीकडे आणि रकान्यांची यादी हे दोन्ही या पडद्यावर एकत्र नांदत नाहीत. चौकोनांची रचना मुळात त्या अरुंद पट्टीसाठीच केली आहे, एकाच नोंदीच्या दोन ओळी करून. रुंद पडदा असलेल्या माणसाने उजवीकडे मेल ठेवून रकानेही ठेवावेत, हजारो पिक्सेल त्याच्याकडे पडलेले असतात. तुम्हाला पत्त्याचा रकाना हवाच असेल तर मेल खाली न्यावी लागेल.

`View > Layout` मध्ये तीन पर्याय आहेत: `Classic View`, `Wide View`, `Vertical View`. तुम्ही आत्ता तिसऱ्यावर आहात.

आजोबा_बोरिवली
मला पण हाच त्रास आहे. माझ्या फोनवर मेल उघडली की अक्षरं इतकी बारीक दिसतात की चष्मा बदलावा लागतो. मुलगा म्हणतो दोन बोटांनी मोठं करा, पण मग ओळ बाहेर जाते. यावर काही उपाय सांगावा.

तिरकस
आजोबा, हा धागा टेबलावरच्या संगणकाचा आहे. पण तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे, पिनसकट.

लीड्सकर_शिवानी
चौकोन काढण्याची जागा शोधणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. यादीच्या डोक्यावर उजवीकडे एक छोटं चिन्ह आहे, त्यात `Table View` आणि `Cards View` असे दोन पर्याय मिळतात. चौकोनांत रकानेच नसतात, त्यामुळे रकाने निवडायचं चिन्हही दिसत नाही. मी पहिल्यांदा अर्धा तास ते चिन्ह शोधत होते. `Table View` केल्यावर ते रकान्यांच्या ओळीत अगदी उजव्या टोकाला येतं. त्यातून `Recipient` वर टिचकी मारा, पत्त्याचा रकाना येईल.

तिथे `Correspondents` नावाचाही एक रकाना दिसेल. तो आलेल्या मेलला पाठवणारा दाखवतो आणि तुम्ही पाठवलेल्याला घेणारा. ऑफिसच्या कामात तो मला तरी गोंधळाचाच वाटतो. तो काढून `From` आणि `Recipient` वेगळे ठेवा.

जमाखर्च
पाटावरची_शाई, हिशेब पटला. नव्वद पिक्सेल, अगदी बरोबर तेवढंच दिसतंय :)

मग `Classic` की `Wide`? दोन्ही लावून बघितले. `Wide` मध्ये मेल डावीकडच्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत खाली पसरते, बघायला ऐसपैस वाटतं. पण काहीतरी खटकतंय, नक्की काय ते सांगता येत नाही.

पाटावरची_शाई
फोल्डर किती आहेत तुमच्याकडे?

जमाखर्च
प्रत्येक पक्षकाराचा एक. ऐंशीच्या वर असतील.

पाटावरची_शाई
मग तेच खटकतंय. `Wide` मध्ये मेल फोल्डरच्या पट्टीखालून जाते, म्हणजे फोल्डरच्या पट्टीची उंची अर्धी होते. ऐंशीतले दहा-बारा दिसतात, बाकीचे सरकवत बसायचं. `Classic` मध्ये मेल फक्त यादीच्या खाली येते आणि फोल्डरची पट्टी वरपासून खालपर्यंत शाबूत राहते. रुंदीचं म्हणाल तर `Classic` मध्येही मेलला अकराशे मिळतात. सजवलेल्या मेलला सहाशेच लागतात, बाकीची जागा दोन्ही बाजूंना पांढरी पडून राहते. तुम्हाला `Wide` चा फायदा शून्य, तोटा रोजचा.

`Wide` कोणाला? ज्याच्याकडे पाच-सात फोल्डर आहेत आणि जो रुंद तक्ते मेलमध्येच चिकटवलेले वाचतो, त्याला.

कोकणकडा
व्हायरसचं कोणी बोललंच नाही. मी खरंच सांगतोय. आमच्या ऑफिसात सगळ्यांना प्रिव्ह्यू बंद ठेवायला लावला होता.

पाटावरची_शाई
सल्ला जुन्या काळात अगदीच चुकीचा नव्हता. पण थंडरबर्ड मेलमधली जावास्क्रिप्ट चालवत नाही आणि बाहेरून येणारी चित्रं तुम्ही परवानगी देईपर्यंत आणत नाही. नुसती मेल दिसल्याने काही होणं फार दुरापास्त. धोका जोडलेली फाईल उघडण्यात आणि दुव्यावर टिचकी मारण्यात आहे, आणि तो प्रिव्ह्यू बंद ठेवूनही तसाच राहतो. प्रिव्ह्यू बंद ठेवायचं एक खरं कारण आहे, पण ते वेगळं. जमाखर्च, तुम्ही तिघे एकच मेलबॉक्स आयमॅपने बघता ना?

जमाखर्च
हो, आयमॅपच.

पाटावरची_शाई
मग हे बघा. मेलचा भाग उघडा असताना यादीत बाणाने खाली खाली गेलात की प्रत्येक मेल क्षणभर दिसते आणि "वाचलेली" होते. आयमॅपवर ती खूण सर्व्हरवर जाते, म्हणजे तिघांच्याही पडद्यावर ठळक अक्षर साधं होतं. सहकारी समजते, जमाखर्चांनी बघितली. जमाखर्चांनी तर ओझरती पाहून पुढची घेतली. एक मेल काढून टाकली की शेजारची आपोआप निवडली जाते, तीही त्यातच जाते.

जमाखर्च
थांबा थांबा. हे आमच्याकडे झालंय! मागच्या महिन्यात एका पक्षकाराला आलेल्या नोटिशीचं उत्तर द्यायचं राहिलं. मेल "वाचलेली" होती, तिघांपैकी कोणीच वाचली नव्हती. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. साहेबांनी मुदत वाढवून घेतली म्हणून निभावलं. पण तेव्हा आमच्याकडे १०२ च होतं, नवीन रचनेचा दोष नाही तो.

पाटावरची_शाई
नाहीच. दोष मेलचा भाग उघडा असण्याचा आणि त्यासोबतच्या एका पर्यायाचा. `Settings > General` मध्ये `Reading & Display` या मथळ्याखाली `Automatically mark messages as read` आहे. तिथे दोन रस्ते आहेत. एक, `After displaying for` निवडून पाच-दहा सेकंद द्या. दुसरा, ती खूणच काढून टाका आणि मेल खरोखर हाताळल्यावर स्वतः M दाबा. सामायिक मेलबॉक्सला मी नेहमी दुसरा सांगतो. पण तिघांच्याही संगणकावर करायला हवं. एकाच्याच केलं तर बाकीचे दोघे खुणा उडवतच राहतील.

लीड्सकर_शिवानी
M चा नियम आमच्याकडे दोन आठवड्यांत मोडला. लोक दाबायला विसरतात, मग सगळी यादीच ठळक दिसते आणि ठळकपणाला अर्थ उरत नाही. आम्ही दहा सेकंदांवर आलो. परिपूर्ण नाही, पण बाणाने घसरत जाताना तरी खूण लागत नाही.

पाटावरची_शाई
मान्य. माणसं किती शिस्तीची आहेत त्यावर आहे ते. आमच्याकडे दोघंच होतो, म्हणून टिकलं.

तिरकस
आमच्याकडे मी एकटाच आहे आणि तरी टिकलं नाही.

जमाखर्च
`Classic` लावलं, `Table View` केलं, रकाने असे ठेवले: तारा, पिन, विषय, `From`, `Recipient`, `Date`. पण आता उंचीची बोंब. यादीत सात ओळी दिसतात आणि खालच्या मेलमध्ये विषय, पाठवणारा, बटणं यांतच अर्धी जागा जाते, मजकुराच्या चार ओळी. पाटावरची_शाई, तुमच्या हिशेबाने ७६८ मध्ये यापेक्षा बरंच जास्त बसायला हवं होतं की नाही?

शिवाय इनबॉक्समध्ये लावलेले रकाने फोल्डरांत दिसत नाहीत. ऐंशी वेळा लावू का?

पाटावरची_शाई
ऐंशी वेळा नको. त्याच रकान्यांच्या चिन्हात खाली `Apply columns to…` आहे. त्यातून `Folder and its children…` घ्या आणि ज्या फोल्डरच्या पोटात पक्षकारांचे फोल्डर आहेत तो दाखवा. पोटातल्या सगळ्यांना लागतील. `Sent` मात्र नंतर एकदा स्वतः उघडून बघा, तिथे घेणारा दिसायला हवा.

हे रकाने प्रत्येक फोल्डरपुरते, तुमच्या संगणकावरच्या `.msf` फाईलमध्ये राहतात. सर्व्हरवर जात नाहीत. म्हणून सहकारीच्या संगणकावर पुन्हा लावावे लागतील. कोणी "मेल दिसत नाही, `.msf` उडवून टाका" असं सांगितलं आणि तुम्ही उडवली, तर मेल पुन्हा येईल पण त्या फोल्डरचे रकाने मूळपदावर जातील. आश्चर्य वाटून घेऊ नका. १४० मध्ये चौकोन की तक्ता, नवी मेल वर की खाली, हे सगळ्या फोल्डरांना एकदम लावायची सोय सेटिंग्जमधल्या `Appearance` खाली आली आहे. रकाने मात्र वरच्या रस्त्यानेच.

आता उंचीचं. सात ओळी म्हणजे काहीतरी जुळत नाही. ७६८ मधून विंडोजची पट्टी, टॅब, शोधाची पट्टी, रकान्यांचं डोकं असं सगळं वजा केलं तरी साडेपाचशेच्या पुढे उरतात. अर्धे यादीला दिले तरी डझनभर ओळी यायला हव्यात. एक विचारतो: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये `Scale` किती आहे?

जमाखर्च
१२५%. दुकानदारानेच तसं लावून दिलं होतं, "डोळ्यांना बरं" म्हणून.

पाटावरची_शाई
सापडलं. १२५ टक्के केलं की थंडरबर्डच्या दृष्टीने तुमचा पडदा १३६६ बाय ७६८ राहत नाही. दोन्ही आकडे सव्वाने भागा: १०९३ बाय ६१४. मी वर अकराशे पिक्सेल यादी आणि मेलला मोकळे धरले होते, ते प्रत्यक्षात साडेआठशेच आहेत. मेल उजवीकडे असताना तिला सहाशे दिले तर यादीला अडीचशे. आणि आता उभ्यातही दीडशे कमी.

म्हणजे माझा पहिला हिशेबही उदार होता. आधी हे विचारायला हवं होतं मी.

कोकणकडा
आता तरी `Compact` करा म्हणू का?

पाटावरची_शाई
आता म्हणा. आता प्रश्न उंचीचा आहे, तिथे दाटीला अर्थ आहे. पण आधी `Scale` १००% करा आणि अक्षर थंडरबर्डच्या `View > Font Size` मधून एक-दोन पायऱ्या वाढवा. विंडोजचं मोजमाप वाढवलं की बटणं, समास, मोकळी जागा, सगळंच फुगतं. नुसतं अक्षर वाढवलं की तुम्हाला जे वाचायचं आहे तेच मुख्यतः वाढतं. मेलचा मजकूर वेगळा, तो उघड्या मेलवर Ctrl आणि + ने मोठा होतो.

दुसरं, मेलच्या डोक्यावरचा भाग बारीक करता येतो. मेलमधल्या बटणांत `More` आहे, त्यात `Customize`. तिथे `Large subject` ची खूण काढा, बटणं फक्त चिन्हांची करा, `Hide labels column` लावा. डोकं बरंच खाली बसतं. `Always show sender's full address` मात्र लावून ठेवा. नोटिशीच्या नावाने खोटी मेल येते तेव्हा नाव बरोबर असतं, पत्ता भलताच असतो. तुमच्या धंद्यात ती एक ओळ वाचवू नये.

लीड्सकर_शिवानी
`Compact` बद्दल एक सावधगिरी. मी भाषांतराचं काम करते, निम्म्या मेलचे विषय मराठीत असतात. `Compact` मध्ये ओळ इतकी बुटकी होते की देवनागरीचा खालचा उकार आणि वरचा रफार कापला जातो. "कार्यपूर्ती" मधला रफार गायब, "सूचना" मधला ऊकार अर्धा. इंग्रजी विषयांना काहीच होत नाही, त्यामुळे ज्यांनी हे पर्याय ठरवले त्यांच्या कधी डोळ्यांसमोर आलं नसावं. मी `Default` वर परत आले. तुमच्याकडे पक्षकार मराठीत लिहीत असतील तर तपासून बघा.

पाटावरची_शाई
हे मला माहीत नव्हतं, माझे विषय सगळे इंग्रजी. आत्ता करून बघितलं. माझ्या लिनक्सवर नोटो देवनागरीत "कार्यपूर्ती" अगदी काठावर बसतंय, कापलं नाही. ओळीची उंची अक्षराच्या आकारमानावर आणि दाटीवर ठरते. लिपी कोणती याचा विचार तिथे होत नाही. म्हणून कोणता फॉन्ट किती उंच आहे त्यावर नशीब. तुमच्याकडे विंडोज का?

लीड्सकर_शिवानी
हो, विंडोज. यादीतली मराठी निर्मला यूआयमध्ये दिसते बहुतेक, मी स्वतः काही लावलेलं नाही. अक्षर एक पायरी वाढवलं तर ओळही वाढते, पण कापलं जाणं पूर्ण थांबलं नाही.

तिरकस
म्हणजे `Compact` मध्ये मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची काळजी नको. शाळेत असताना हवं होतं.

आजोबा_बोरिवली
मुलाने घरच्या संगणकावर थंडरबर्ड घालून दिलं. त्यात तुम्ही म्हणता ती दाटी `Relaxed` केली आणि अक्षर मोठं केलं. मेल खाली नको वाटली, F8 दाबून ती काढूनच टाकली. आता नुसती यादी दिसते, एन्टर दाबला की मेल वेगळ्या टॅबमध्ये पूर्ण पडद्यावर उघडते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मला हे सगळ्यात सोयीचं वाटलं. फोनचा प्रश्न तसाच आहे.

पाटावरची_शाई
आजोबा, तुम्ही आम्हा सगळ्यांपेक्षा साधं उत्तर काढलंत. लहान पडद्यावर मेलचा भाग कायम उघडा असलाच पाहिजे असं नाही. टॅबमध्ये उघडल्यावर F ने पुढची, B ने मागची, N ने पुढची न वाचलेली मेल येते, यादीकडे परतायचीही गरज पडत नाही.

जमाखर्च, तुम्हालाही F8 सवयीचं करता येईल. सकाळी डाक वाटताना मेलचा भाग बंद: वीसच्या वर ओळी, सगळे रकाने, कोणाची मेल कोणाकडे ते एका नजरेत. आणि या वेळी काहीच "वाचलेलं" होत नाही. कामाला बसलात की F8 ने खालचा भाग उघडा.

जमाखर्च
आज तिन्ही संगणकांवर बसलो. हकिकत सांगतो.

माझ्यावर: `Scale` १००%, अक्षर दोन पायऱ्या वर, दाटी `Default` (शिवानीताई, "कार्यपूर्ती" आमच्याकडेही कापलं गेलं). `Classic View`. F8 बंद असताना २१ ओळी मोजल्या, उघडल्यावर दहा ओळी आणि मेलच्या मजकुराच्या नऊ-दहा. विषयात आता "GSTR-3B सप्टेंबर, फरकाबाबत" एवढं सगळं दिसतं. वाचल्याची खूण दहा सेकंदांवर ठेवली.

पण दोन गोष्टी अडल्या. एक, काही मेलना `Recipient` मध्ये आमचा पत्ताच नाही, "undisclosed-recipients" असं काहीतरी आहे. दुसरी, एका पक्षकाराची काल आलेली मेल यादीच्या अगदी तळाशी, २०११ मध्ये जाऊन बसली होती. दोन तास शोधत होतो.

पाटावरची_शाई
पहिली: तो रकाना मेलवर लिहिलेला "प्रति" पत्ता दाखवतो, पाकिटावरचं नाव वाचल्यासारखं. पाठवणाऱ्याने तुम्हाला गुप्त प्रतीत टाकलं तर तुमचा पत्ता तिथे नसतोच. रकान्याने हे सुटणार नाही. पत्त्यावरून वाटणी पक्की हवी असेल तर मेल फिल्टरने टॅग लावा. `To` मध्ये अमुक पत्ता असेल तर निळा टॅग, तमुक असेल तर हिरवा. यादीत ओळीलाच तो रंग येतो, मग `Recipient` चा रकाना काढून १२० पिक्सेल परत विषयाला देता येतात. ज्यांना रंग नाही त्या गुप्त प्रतीच्या, त्या हाताने वाटायच्या.

दुसरी: `Date` हा पाठवणाऱ्याच्या संगणकाचा दिनांक. त्याच्या मदरबोर्डवरचा सेल संपला असेल तर घड्याळ मागे जातं आणि मेल जुन्या वर्षात पडते. `Order Received` रकाना लावून त्याच्या डोक्यावर टिचकी मारा, म्हणजे यादी मेल येऊन पडल्या त्या क्रमाने लागेल. फक्त इनबॉक्सलाच लावा. मेल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली की तिला नव्या ठिकाणी नवा क्रमांक मिळतो, त्यामुळे पक्षकारांच्या फोल्डरांत तो क्रम मेल हलवल्याचा होतो, आल्याचा नाही.

लीड्सकर_शिवानी
फोल्डरांसाठी `Received` नावाचा रकाना आहे. त्यात सर्व्हरने मेल घेतली तेव्हाची वेळ येते, हलवल्याने ती बदलत नाही. मी `Date` काढून तोच ठेवते. भारतातून आणि इंग्लंडमधून मेल येतात, कोणाची घड्याळं कशी हे बघत बसायला नको.

कोकणकडा
हे `Received` चं मला आजच कळलं. लावतो.

जमाखर्च
टॅगचं करून बघतो, सहकारीला रंग आवडतील असं वाटतंय. तिच्या संगणकावर सगळं माझ्यासारखंच लावलं.

तिसरा संगणक साहेबांचा. पडदा माझ्याएवढाच. त्यांना सगळं समजावलं, नव्वद पिक्सेलचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. म्हणाले, "जमाखर्च, मला मेल उजवीकडेच पाहिजे, चौकोनही पाहिजेत, फोनवर तसंच दिसतं." टॅगचे रंग चौकोनांत कसे दिसतील? निदान कोणाची मेल कोणती ते तरी त्यांना कळेल का?

पाटावरची_शाई
चौकोनांत टॅगची खूण दिसते, पण मी स्वतः चौकोन वापरत नाही. तक्त्यासारखा पूर्ण ओळीला रंग येतो का ते लावून बघा आणि इथे सांगा. `Appearance` मध्ये चौकोनाच्या दोन ओळी की तीन ओळी हेही निवडता येतं, दोन्ही करून बघा. आणि त्यांच्या संगणकावरचा वाचल्याच्या खुणेचा पर्याय विसरू नका, मेल उजवीकडे कायम उघडी राहणार म्हणजे खुणा उडवणारे तेच असणार.

तिरकस
साहेबांना सांगा, दहा सेकंद थांबून वाचायचं.

जमाखर्च
ते तुम्ही येऊन सांगा.